फोन उचलल्यावरच रिमाइंडर का वाजतो?

रात्रभर फोन टेबलावर पडलेला असतो, सकाळी सहाचा गोळीचा रिमाइंडर लावलेला असतो आणि सहाला काहीच होत नाही. मग सव्वासातला कोणीतरी फोन हातात घेतं आणि त्याच क्षणी टिंग वाजून "गोळी घ्यायची वेळ झाली" असं नोटिफिकेशन येतं. औषधांच्या, पाणी भरायच्या, हप्ता भरायच्या अशा सगळ्या ऍप्सच्या रिव्ह्यूमध्ये ही तक्रार जवळपास याच शब्दांत दिसते आणि खाली एक स्टार असतो. मी अशा ऍप्सवर काम करतो. फोन उचलल्यावरच वाजलं, एवढ्या एका गोष्टीत बिघाड कुठे आहे ते अर्धं कळून येतं, ते कसं हे या लेखात सांगतो. बहुतेक सगळं अँड्रॉइडबद्दल आहे कारण गोंधळ तिथे जास्त आहे, आयफोनचं थोडं शेवटाकडे आहे.

सहा वाजता ऍप जागं नसतंच

बऱ्याच लोकांना वाटतं की रिमाइंडरचं ऍप मागे कुठेतरी चालू असतं, घड्याळाकडे बघत बसलेलं असतं आणि सहा वाजले की वाजवतं. तसं नसतं. स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळात फोनचा प्रोसेसरच झोपतो आणि ऍप त्याच्यासोबत थांबतं. थांबलेलं ऍप मिनिटं मोजू शकत नाही.

मग वाजतं कसं? लॉजमध्ये उतरलेला माणूस रात्री वॉचमनला चिठ्ठी देतो ना, "खोली नंबर अमुक, पहाटे पाचला उठवा", आणि स्वतः निवांत झोपतो, तसंच ऍप झोपायच्या आधी अँड्रॉइडकडे एक चिठ्ठी देऊन ठेवतं. ती चिठ्ठी सांभाळणारा भाग म्हणजे `AlarmManager`. वेळ झाली की तो प्रोसेसरला जागं करतो, ऍपला हलवतो आणि ऍप नोटिफिकेशन दाखवून पुन्हा झोपतं.

पुढे सगळीकडे मी याला चिठ्ठीच म्हणणार आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण बाकी सगळं त्यांच्यावरच उभं आहे. एक, चिठ्ठी ऍपकडे नसते, अँड्रॉइडकडे असते, आणि अँड्रॉइड ती उशिरा वाचू शकतं किंवा फाडूनही टाकू शकतं. दोन, चिठ्ठीवर "रोज सकाळी सहा" असं लिहिलेलं नसतं, तिच्यावर फक्त एक क्षण असतो, तोही १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले अशा आकड्यात. त्या आकड्याला पुणं माहीत नाही आणि सकाळही माहीत नाही.

मग अँड्रॉइड उशीर का करतं

बॅटरीसाठी. फोनवर पन्नास ऍप्स असतील आणि प्रत्येकाने आपापल्या वेळी प्रोसेसर उठवला तर रात्रभरात फोन शेकडो वेळा जागा होईल. म्हणून २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून साधी चिठ्ठी "साधारण या वेळेला" अशीच धरली जाते, म्हणजे जवळपासच्या चार चिठ्ठ्या एकत्र करून एकदाच उठायचं. अँड्रॉइड १२ पासून तर हिशोब असा आहे की साधी चिठ्ठी वेळेआधी कधीच वाजणार नाही पण वेळेनंतर तासाभरापर्यंत कधीही वाजू शकते, आणि बॅटरी वाचवायचं काही चालू असेल तर त्याहूनही उशिरा.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन जागचा हललेला नाही, हे तिन्ही बराच वेळ टिकलं की फोन गाढ झोपेत जातो, त्याला डोझ म्हणतात. त्यात साध्या चिठ्ठ्या थांबवून ठेवतात आणि मधूनमधून थोडा वेळ डोळे उघडून साठलेल्या एकदम वाचतात, आणि रात्र जाते तसं हे डोळे उघडणं आणखी लांब लांब होत जातं.

आता सुरुवातीची तक्रार परत वाचा. टेबलावर पडलेला, चार्जिंगला नसलेला, न हललेला फोन म्हणजे डोझचं सगळं साहित्य जमलेलं. आणि फोन हलला किंवा स्क्रीन लागली की डोझ संपतं आणि अडलेल्या चिठ्ठ्या लगेच सुटतात. म्हणून सव्वासातला टिंग. ऍपने चिठ्ठी दिली होती पण चुकीच्या प्रकारची दिली होती.

कोणती चिठ्ठी डोझमध्येही चालते

`setExact()` असं नावच आहे म्हणजे अचूक असणार, असा समज नव्या डेव्हलपरमध्ये हमखास असतो. फोन जागा असताना ती अचूकच आहे, पण डोझमध्ये तीही अडते. डोझमधून पार होणाऱ्या अचूक चिठ्ठ्या दोनच आहेत.

पहिली `setExactAndAllowWhileIdle()`, नाव लांबलचक पण काम तेच, झोपेतही उठवते. हिला मर्यादा आहे, डोझमध्ये एका ऍपला साधारण नऊ मिनिटांतून एकदाच अशी चिठ्ठी वाजवता येते असं अँड्रॉइडचं स्वतःचं माहितीपत्रक सांगतं. दिवसातून तीन गोळ्या असतील तर काहीच अडचण नाही, पण सहाला एक, सहा वाजून दोन मिनिटांनी दुसरी आणि पाच मिनिटांनी तिसरी अशा वेगवेगळ्या चिठ्ठ्या दिल्या तर मागच्या दोन रेंगाळतील. उपाय सरळ आहे, जवळपासच्या वेळांची एकच चिठ्ठी द्यायची आणि उठल्यावर ऍपने ठरवायचं काय काय दाखवायचं.

दुसरी `setAlarmClock()`. ही म्हणजे खराखुरा गजर. फोन हिच्यासाठी वेळेच्या थोडं आधीच डोझमधून बाहेर येतो आणि वरच्या पट्टीवर घड्याळाचं चिन्ह दिसतं, म्हणजे वापरणाऱ्यालाही कळतं की काहीतरी लावलेलं आहे. औषधाच्या रिमाइंडरला माझ्या मते हीच वापरावी. "आज पाणी कमी प्यायलात" अशा आठवणीसाठी वापरू नये, तिला वीस मिनिटं उशीर झाला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही आणि उगाच बॅटरी जाते.

आणि "रोज वाजव" अशी एकच पुनरावृत्तीची चिठ्ठी, म्हणजे `setRepeating()`, तिचा भरवसा धरू नका. ती ४.४ पासून ढोबळच आहे. त्यापेक्षा एका वेळी एकच चिठ्ठी, ती वाजली की उठल्या उठल्या आधी उद्याची चिठ्ठी द्यायची आणि मग आजचं नोटिफिकेशन दाखवायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नोटिफिकेशन दाखवताना ऍप क्रॅश झालं आणि उद्याची चिठ्ठी द्यायची राहिली तर साखळी तिथेच तुटते आणि कोणाला कळतही नाही.

परवानगीचा नवा फेरा

अचूक चिठ्ठ्यांचा गैरवापर फार व्हायला लागला म्हणून २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यांना वेगळी परवानगी लागते, सेटिंगमध्ये ती Alarms & reminders या नावाने दिसते. अँड्रॉइड १४ मध्ये यात मोठा बदल झाला, नव्याने टाकलेल्या बहुतेक ऍप्सना ही परवानगी सुरुवातीला बंदच असते आणि वापरणाऱ्याने स्वतः जाऊन चालू करावी लागते. गजर आणि कॅलेंडर हेच ज्यांचं मुख्य काम आहे त्यांना आपोआप मिळणारी वेगळी परवानगी आहे, पण ती कोणी मागावी यावर प्ले स्टोअरचे नियम कडक आहेत. अँड्रॉइड १३ पासून तर साधं नोटिफिकेशन दाखवायलाही विचारावं लागतं. म्हणजे चिठ्ठी वेळेवर वाजली, ऍप उठलं, पण दाखवायची परवानगीच नाही, असंही होतं.

यातली खोच अशी आहे की परवानगी काढून घेतली की अँड्रॉइड ऍप थांबवतं आणि त्याच्या पुढच्या सगळ्या अचूक चिठ्ठ्या रद्द करतं. परवानगी परत दिली म्हणून त्या आपोआप परत येत नाहीत, "परवानगी मिळाली" हा निरोप ऐकून ऍपने त्या पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून चांगलं ऍप प्रत्येक वेळी उघडल्यावर `canScheduleExactAlarms()` विचारून घेतं आणि नाही असं उत्तर आलं तर वापरणाऱ्याला स्पष्ट सांगतं की रिमाइंडर उशिरा येऊ शकतील. गप्प बसणारं ऍप इथे सगळ्यात घातक.

चिठ्ठ्या फाटतात तेव्हा

फोन रीस्टार्ट झाला की सगळ्या चिठ्ठ्या जातात, झाडून सगळ्या. ऍपने "फोन चालू झाला" हा निरोप ऐकून त्या परत लिहायच्या असतात आणि बहुतेक ऍप्स ते करतातही. पण हा नेहमीचा निरोप फोन एकदा अनलॉक झाल्यावरच मिळतो. म्हणजे फोनने पहाटे तीनला अपडेट घेऊन स्वतःला रीस्टार्ट केलं आणि सातपर्यंत कोणी पिन टाकला नाही तर सहाची गोळी गेली. यावर सोय आहे, अनलॉकच्या आधी येणारा `LOCKED_BOOT_COMPLETED` हा वेगळा निरोप, पण त्यासाठी रिमाइंडरच्या वेळा फोन लॉक असतानाही वाचता येतील अशा जागी ठेवाव्या लागतात. तिथे फक्त वेळ ठेवावी, औषधाचं नाव ठेवू नये, कारण ती जागा कमी सुरक्षित असते.

दुसरं म्हणजे Force stop. सेटिंगमध्ये जाऊन ते दाबलं की चिठ्ठ्या रद्द होतात आणि ऍप पुन्हा हाताने उघडेपर्यंत त्याला कुठलाच निरोप जात नाही. हे मुद्दाम केलेलं आहे आणि बरोबरही आहे. अडचण अशी की काही कंपन्यांच्या फोनवर बॅटरी वाचवणारं त्यांचं स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर असतं आणि तिथे अलीकडच्या ऍप्सच्या यादीतून ऍप सरकवून टाकलं तरी Force stop सारखाच परिणाम होतो, किंवा ऑटोस्टार्ट बंद असेल तर रीस्टार्टनंतरचा निरोपच पोचत नाही. इथे कोडमध्ये कितीही कसरत केली तरी पूर्ण उपाय नाही. वापरणाऱ्याने ऍपच्या बॅटरी सेटिंगमध्ये Unrestricted निवडायचं, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करायचं, एवढंच हातात राहतं. आई-वडिलांचा फोन सेट करून देत असाल तर ही दोन कामं ऍप टाकल्या टाकल्या करा.

आई पुण्याहून न्यू जर्सीला जाते तेव्हा

आता टाइम झोन. समजा आई थायरॉइडची गोळी रोज सकाळी सहाला घेते आणि ऍपने ही वेळ साठवताना सरळ जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत बदलून ठेवली. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे साठवलं गेलं ००:३०. पुण्यात असेपर्यंत कसलीच अडचण नाही, वर्षानुवर्षं बरोबर वाजेल. उन्हाळ्यात आई न्यू जर्सीला लेकाकडे गेली, तिथे तेव्हा यूटीसीच्या चार तास मागे, मग हेच ००:३० म्हणजे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. रिकाम्या पोटी घ्यायची गोळी जेवणाच्या ताटावर आठवण करून देणार.

म्हणून साठवायचा तो नियम, क्षण नाही. "सकाळी ६:००, रोज, फोन जिथे असेल तिथल्या घड्याळाने" असं साठवायचं, त्यातून पुढचा क्षण मोजायचा आणि तेवढाच चिठ्ठीवर लिहायचा. मोजणी एवढीच आहे:

```kotlin
val zone = ZoneId.systemDefault()
var next = LocalDate.now(zone).atTime(6, 0).atZone(zone)
if (!next.isAfter(ZonedDateTime.now(zone)))
    next = next.plusDays(1)
val millis = next.toInstant().toEpochMilli()
```

इथे `plusDays(1)` च्या जागी २४ तास मिळवू नका. अमेरिकेत घड्याळ पुढेमागे करतात त्या दिवशी दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो आणि २४ तास मिळवणारं ऍप तिथून पुढे एक तास चुकत राहतं.

आणि टाइम झोन बदलला की जुनी चिठ्ठी फाडून नवी द्यायची. `ACTION_TIMEZONE_CHANGED` हा निरोप झोपलेल्या ऍपलाही मिळतो, पार्श्वभूमीतल्या निरोपांवर अँड्रॉइडने बंधनं आणली तेव्हा हा मुद्दाम वगळला. कोणी हाताने घड्याळ बदललं तर `ACTION_TIME_CHANGED` येतो, त्यालाही तेच करायचं.

एवढ्याने काम संपत नाही. आईचं विमान मुंबईहून मंगळवारी रात्री निघालं. फोन फ्लाइट मोडमध्ये, त्यामुळे घड्याळ भारताचंच, आणि बुधवारी सकाळी सहाला विमानातच रिमाइंडर वाजला, आईने गोळी घेतली. विमान न्यू जर्सीत बुधवारीच सकाळी पाचला उतरलं, फोनने तिथली वेळ घेतली, ऍपने शहाण्यासारखी नवी चिठ्ठी दिली, आणि तासाभराने परत बुधवारचे सहा वाजले. आधीच्या गोळीला फक्त साडेनऊ तास झालेत आणि ऍप दुसरी मागतंय! तेच विमान सातला उतरलं असतं तर बुधवारचे सहा होऊन गेलेले, पुढची गोळी गुरुवारी, म्हणजे मध्ये साडेतेहतीस तास.

दोन्ही वेळा कोडने सांगितल्याप्रमाणेच केलं. म्हणून औषधाच्या ऍपने शेवटची गोळी कधी घेतली तो क्षण वेगळा साठवायलाच हवा, आणि झोन बदलल्यानंतरच्या पहिल्या रिमाइंडरमध्ये "मागची गोळी साडेनऊ तासांपूर्वी घेतली आहे" हे दाखवायला हवं. घ्यायची की नाही ते ऍपने ठरवू नये, प्रवासातलं वेळापत्रक निघायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

सगळेच रिमाइंडर झोनबरोबर सरकवायचे नाहीत

लेक दर रविवारी पुण्याला आजीला फोन करतो, आजीच्या घड्याळात रात्री नऊला, जेवणं आटोपल्यावर. ही वेळ पुण्याची आहे. लेक कुठेही असो, नियम "रविवार, २१:००, Asia/Kolkata" असाच राहायला हवा. न्यू जर्सीत हिवाळ्यात तो सकाळी साडेदहाला वाजेल. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, त्या दिवसापासून साडेअकराला वाजेल. त्याने "साडेदहा, इथली वेळ" असं लावून ठेवलं असेल तर मार्चपासून आजीचा फोन आठलाच वाजायला लागेल.

इथे झोनचं पूर्ण नाव साठवायचं, "+५:३०" किंवा "-५:००" असा फरक नाही. भारतात फरक बदलत नाही म्हणून आपल्याकडच्या डेव्हलपरच्या हे ध्यानात येत नाही, पण `America/New_York` चा फरक वर्षातून दोनदा बदलतो. आणि सरकारं नियमही बदलतात, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशापुरतं घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये ते परत सुरू केलं. नाव साठवलेलं असेल तर फोनवरची झोनची यादी अपडेट झाली की हिशोब आपोआप सुधारतो. म्हणूनच महिनाभर पुढच्या चिठ्ठ्या आधीच देऊन ठेवू नयेत, जवळची एकच द्यावी.

तिसरा प्रकार "दर आठ तासांनी". याला ना पुण्याचं घड्याळ हवं ना न्यू जर्सीचं, मागचा डोस घेतला त्या क्षणात आठ तास मिळवायचे, झोन बदलला तरी चिठ्ठीला हात लावायचा नाही. रिमाइंडर लावताना ऍपने एकच प्रश्न विचारला तर हे तिन्ही सुटतात: तुम्ही प्रवासाला गेलात तर हा तिथल्या वेळेने वाजवू, इथल्याच वेळेने, की मागच्या वेळेपासून मोजून? फार थोडी ऍप्स हे विचारतात आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नंतर अंदाजाने ठरवायला काही मार्ग नसतो.

"मग सर्व्हरवरूनच का नाही पाठवत?"

हा प्रश्न हमखास येतो. पाठवता येतं, आणि तातडीचा म्हणून पाठवलेला पुश संदेश डोझमध्येही पोचतो. पण त्याला इंटरनेट लागतं. विमानात, गावाकडे रेंज नसताना किंवा डेटा पॅक संपलेला असताना तो येणार नाही, फोनवरची चिठ्ठी मात्र वाजेल. शिवाय फोनचा झोन बदललाय हे सर्व्हरला कोणीतरी कळवावं लागतं, म्हणजे ऍपला उठावं लागतंच. सर्व्हर कामाचा आहे तो दुसऱ्यासाठी, आईने सहाची गोळी साडेसहापर्यंत घेतली अशी नोंद आली नाही तर लेकाला कळवायला.

"ऍप सतत चालू ठेवा ना" असंही सुचवतात. कायमचं नोटिफिकेशन लावून ऍप जिवंत ठेवता येतं, पण प्रोसेसर झोपला की तेही थांबतं, आणि प्रोसेसर झोपूच दिला नाही तर दुपारपर्यंत बॅटरी संपते, मग वापरणारा ऍपच काढून टाकतो.

आयफोनवर हे बरंच सोपं आहे. तिथे ऍप नोटिफिकेशनच वेळेसकट सिस्टिमकडे सोपवतं, वाजवायला ऍपला उठावं लागत नाही, आणि वेळेत झोन दिला नसेल तर ती फोनच्या झोनप्रमाणे धरली जाते. मर्यादा अशी की एका ऍपची पुढची ६४ नोटिफिकेशन्सच राखली जातात, त्यामुळे वेगवेगळ्या तारखांची बरीच औषधं असतील तर बाकीची मुकाट गळतात.

किती उशीर झाला त्यावरून कारण ओळखा

उशीर मोजला तर कारण बहुतेक वेळा सापडतं. फोन उचलताच वाजलं तर डोझ. काही मिनिटं ते तासभर उशीर, तोही रोज वेगळा, तर चिठ्ठी साधी आहे किंवा परवानगी नाही. नेमका एक तास फरक आणि तो मार्च किंवा नोव्हेंबरपासून, तर २४ तास मिळवलेत. साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक म्हणजे भारत आणि अमेरिकेचा पूर्वेकडचा किनारा, झोन बदलल्यावर चिठ्ठी बदललीच नाही. आणि ऍप उघडेपर्यंत काहीच वाजलं नाही तर चिठ्ठी फाटलेली, रीस्टार्ट, Force stop किंवा ऑटोस्टार्ट.

हे कळायला ऍपने प्रत्येक वेळी दोन वेळा लिहून ठेवल्या पाहिजेत, कधी वाजायचं होतं आणि कधी वाजलं, सोबत तेव्हाचा झोन. डेव्हलपर असाल तर डोझसाठी रात्रभर थांबायची गरज नाही. फोन केबलला लावलेला असतो म्हणून आधी तो चार्जरला नाही असं भासवायचं, स्क्रीन बंद करायची आणि मग जबरदस्तीने झोपवायचं:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys deviceidle force-idle
adb shell dumpsys alarm
```

तिसऱ्या ओळीने सगळ्या ऍप्सच्या शिल्लक चिठ्ठ्या दिसतात, त्यात आपल्या ऍपचं नाव शोधा. पाच मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावून हे करून बघा, मग झोन हाताने न्यूयॉर्कचा करा आणि यादीतला क्षण सरकला का ते पहा. झाल्यावर `deviceidle unforce` आणि `battery reset` चालवायला विसरू नका, नाहीतर फोन चार्जरला लावलेला असूनही स्वतःला बॅटरीवरच समजत राहील.